थ्री पिन टॉप घरी बदलताना कुठली वायर कुठे लावायची, आणि हिरवी वायर का सोडायची नाही

मागच्या पावसाळ्यात मावशीकडे गेलो होतो तेव्हा ती म्हणाली, "अरे या इस्त्रीला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि टॉप पण तापतो, जरा बघ ना." टॉप म्हणजे आपला थ्री पिन प्लग, दुकानात पण टॉपच म्हणतात. उघडून बघितला तर उजव्या बाजूचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वाकलेलं, आणि हिरवी-पिवळी वायर कुणीतरी मुळाशी कापून, मागे दुमडून वर टेप मारलेली! वर्षभर इस्त्री अशीच चालली होती. गरम व्हायची, कपडे नीट व्हायचे, त्यामुळे कुणाला काही कळलंच नाही.

अर्थिंगची वायर नसली तरी वस्तू व्यवस्थित चालते, म्हणून टॉप लावून "चालू झाली की झालं" असं कधीच समजायचं नाही. तोच टॉप मी कसा बदलला ते सगळं इथे सांगतो.

रंग

आपल्याकडे वस्तूंच्या वायरमध्ये आता तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवीवर पिवळा पट्टा म्हणजे अर्थिंग असं असतं. जुन्या वस्तूंत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. फेजमधून २३० व्होल्ट येतात, न्यूट्रलमधून करंट परत जातो, आणि अर्थिंग वस्तूच्या धातूच्या बॉडीला जोडलेली असते, तिच्यातून एरवी काहीच वाहत नाही. इस्त्रीच्या एलिमेंटचं आतलं इन्सुलेशन दमट हवेने थोडं जरी कमजोर झालं तरी करंट पत्र्यावर झिरपतो, तो या वायरीतून जमिनीत जायला हवा. वायर नसेल तर तो पत्र्यावरच थांबतो आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. मावशीला पावसाळ्यात झिणझिण्या जास्त यायच्या त्या याच्यामुळेच.

एक घोळ मात्र खूप जणांचा होतो. वस्तूच्या वायरमध्ये निळी म्हणजे न्यूट्रल, पण घराच्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये तीन फेजना लाल, पिवळा, निळा असे रंग असतात आणि न्यूट्रल काळी, म्हणजे बोर्डातली निळी वायर फेज असू शकते. त्यामुळे टॉपचे रंग बघून बोर्डात हात घालू नका, आणि उलटंही नको. अमेरिकेहून आणलेल्या वस्तूत तर काळी फेज असते आणि पांढरी न्यूट्रल, आपल्या काळीच्या बरोबर उलट.

कुठली पिन कुठली

वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची. लांब अशासाठी की टॉप घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. खालच्या दोन सारख्याच दिसतात, पण आत स्क्रूजवळ एल, एन आणि ई ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, एल म्हणजे फेज, एन न्यूट्रल, ई अर्थिंग. अक्षरं झिजली असतील तर टॉप सॉकेटमध्ये घालतो तसा हातात धरा, पिना तुमच्यापासून लांब, मोठी पिन वर. आता उजव्या हाताची पिन फेजची आणि डावीकडची न्यूट्रलची. टॉप उलटा धरून पिनांकडून बघितलं की डावं-उजवं बदलतं, चूक नेमकी तिथेच होते.

फेज आणि न्यूट्रल अदलाबदल झाली तरी इस्त्री चालते, पण तिचा थर्मोस्टॅट मग न्यूट्रल तोडतो आणि बंद झालेल्या एलिमेंटमध्ये २३० व्होल्ट तसेच राहतात. फेज आणि अर्थिंगची अदलाबदल झाली तर सरळ पत्र्यावरच २३० व्होल्ट येतात, ते जीवावरचंच काम आहे.

टॉप विकत घेताना वस्तूच्या प्लेटवरचे वॅट बघा आणि २३० ने भागा. मावशीची इस्त्री १००० वॅटची, म्हणजे साधारण साडेचार अँपिअर, तिला ६ अँपिअरचा छोटा टॉप पुरतो. गिझर २००० वॅटचा असेल तर पावणेनऊच्या आसपास जातं, त्याला १६ अँपिअरचा मोठाच लागतो, आणि मोठ्याला छोटा अडॅप्टर लावून छोट्या सॉकेटवर चालवू नका. आयएसआयचा मार्क असलेला आणि आत पितळी पिना, पितळी स्क्रू असलेला घ्या, दहा-वीस रुपये वाचवायची ही जागा नाही. आपल्या टॉपमध्ये फ्यूज नसतो. इंग्लंडमधल्या टॉपमध्ये असतो, त्यामुळे तिकडे राहणाऱ्यांनी त्यात वस्तूला योग्य तोच फ्यूज घालायचा.

आता काम

टॉप सॉकेटमधून काढून समोर टेबलावर ठेवा, फक्त स्विच बंद करून चालणार नाही. इस्त्री पूर्ण गार होऊ द्या. मोल्डेड टॉप असेल, म्हणजे वायरीसकट ओतलेला, तर तो उघडत नाही, कापावाच लागतो. कापलेला टॉप लगेच वाकवून, पिना मोडून फेकून द्या. उघड्या वायरींचं शेपूट असलेला टॉप लहान मुलाने सॉकेटमध्ये घातला तर काय होईल याचा विचार करा.

जळालेल्या टॉपजवळची वायर पण खराब झालेली असते. तांबं काळं किंवा हिरवट दिसत असेल तर चकचकीत, लालसर तांबं लागेपर्यंत कापत जा. मावशीच्या वायरीचे चार इंच गेले. हातभर कापूनही तांबं काळंच निघत असेल किंवा आतलं रबर कडक होऊन तडकत असेल तर टॉपवर थांबू नका, अख्खी वायर बदला.

बाहेरचं आवरण साधारण ४ सेंटीमीटर सोला, पण हलक्या हाताने, कटर आतल्या वायरीपर्यंत जाता कामा नये. इस्त्रीची वायर कापडी असते, तिचे धागे सुटत जातात म्हणून टोकाला दोरा घट्ट गुंडाळून बांधा किंवा उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा. मग तीन वायरी टॉपच्या आत नुसत्या ठेवून लांबी बघा. फेज आणि न्यूट्रल आपापल्या स्क्रूपर्यंत सैल न राहता पोचतील एवढ्याच ठेवायच्या, आणि हिरवी मुद्दाम एखादा सेंटीमीटर जास्त लांब. म्हणजे कधी कुणी वायर जोरात ओढली आणि पकड निसटली तर फेज आधी सुटेल, अर्थिंग शेवटी.

टोकं ७-८ मिलिमीटर सोला, बारीक तारा घड्याळाच्या दिशेने पिळा आणि भोक मोठं असेल तर टोक दुमडून दुप्पट करा. स्क्रूभोवती गुंडाळायची असेल तर तीही घड्याळाच्याच दिशेने, स्क्रू आवळला की तार आत ओढली जाते, उलट गुंडाळली तर बाहेर ढकलली जाते. तांब्यावर शिसं लावू नका, सोल्डर दाबाखाली हळूहळू चेपतं, स्क्रू ढिला पडतो आणि टॉप परत जळतो. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर एकेक करून बोटांनी ओढून बघा. एक तार जरी बाहेर आलेली दिसली तरी ते टोक काढून परत करा, ती एक तार शेजारच्या पिनेला लागली की शॉर्ट.

झाकण लावायच्या आधी पकड बघा, म्हणजे वायर आत येते तिथली पट्टी. ती बाहेरच्या आवरणावर बसली पाहिजे, आतल्या तीन रंगीत वायरींवर नाही. ती नीट नसेल तर वायर ओढण्याचा सगळा ताण स्क्रूंवर येतो.

सॉकेटमध्ये घालायच्या आधी

इथे साधा मल्टिमीटर लागतो, दोन-चारशे रुपयांत मिळतो. २०० ओहमवर ठेवा, एक टोक मोठ्या पिनेला आणि दुसरं इस्त्रीच्या पत्र्याला. नॉनस्टिक थर असेल तर एखाद्या उघड्या धातूच्या स्क्रूला लावा. आकडा १ ओहमच्या आत यायला हवा. मावशीची आधी काहीच दाखवत नव्हती, नवा टॉप लावल्यावर ०.५ आली, म्हणजे अर्थिंग पत्र्यापर्यंत पोचली.

मग दोन छोट्या पिनांमध्ये बघा, इस्त्रीचं बटण फिरवून चालू स्थितीत ठेवा नाहीतर काहीच दिसणार नाही. २३० गुणिले २३० भागिले वॅट, म्हणजे १००० वॅटला साधारण ५३ ओहम यायला पाहिजेत. मला ५१ मिळाले, ठीक आहे. शून्याच्या जवळ आलं तर आत शॉर्ट आहे, सॉकेटमध्ये अजिबात घालू नका. शेवटी मीटर सगळ्यात मोठ्या ओहमवर नेऊन एक छोटी पिन आणि मोठी पिन यांच्यात, मग दुसरी छोटी आणि मोठी, दोन्ही वेळा स्क्रीनवर `OL` किंवा डावीकडे नुसता `1` दिसला पाहिजे.

पण एक गोष्ट सांगतो, मल्टिमीटर थोड्याच व्होल्टवर मोजतो, त्यामुळे दमटपणाने होणारी गळती त्याला कधी कधी दिसत नाही. मावशीच्या इस्त्रीत `OL` आलं तरी झिणझिण्या येतच होत्या ना, म्हणून ती इलेक्ट्रिशियनकडून मेगरवर, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरवर, तपासून घेतली आणि एलिमेंट बदललं. सॉकेटच्या मागे अर्थिंग खरंच आहे का हे पण त्यालाच बघायला सांगा, जुन्या चाळीत आणि वाड्यांत तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. साधा निऑन टेस्टर फक्त फेज दाखवतो, अर्थिंग आहे की नाही हे त्याच्यावर कळत नाही. आणि अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये किंवा टॉपमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडायचा जुगाड तर बिलकुल नको, कुठे न्यूट्रल तुटली की पूर्ण फेज बॉडीवर येते.

ज्या वस्तूला दोनच वायरी आहेत आणि प्लेटवर चौकोनात चौकोन काढलेला आहे, तिला अर्थिंग लागत नाही, तपकिरी आणि निळी लावा, मोठी पिन रिकामी राहू द्या.

पायात चप्पल, हात कोरडे, स्विच बंद ठेवून टॉप घाला, मग चालू करा. लगेच ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच, पडला तर परत चालू करत बसू नका, काढा आणि उघडा. दहा मिनिटं चालवून, स्विच बंद करून टॉप काढा आणि पिनांपासून लांब, प्लॅस्टिकला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर कुठेतरी ढिलं आहे, आणि बऱ्याचदा ते सॉकेटच्या आत असतं. टॉप सॉकेटमध्ये डुगडुगत असेल तर सॉकेट पण बदलून घ्या, नाहीतर नवा टॉप महिन्याभरात तसाच जळेल.

बारीक तारा दाबाखाली बसत जातात. पंधरा दिवसांनी मी मावशीकडे परत गेलो तेव्हा टॉप काढून, उघडून स्क्रू बघितले, फेजचा स्क्रू पाव आटा अजून फिरला.