बाईकचा ट्रॅकर रात्री उगाच बोंबलतोय? या चुका टाळा

रात्री पावणेतीनला मोबाईल वाजतो, गाडी होम झोनच्या, म्हणजे ॲपमध्ये घराभोवती आखलेल्या सर्कलच्या बाहेर गेली म्हणून, तुम्ही लुंगी सावरत पार्किंगमध्ये पळता आणि गाडी आपली जागेवरच उभी. दोन मिनिटांनी परत अलर्ट, गाडी आत आली. असं चारदा झालं की लोक वैतागून अलर्ट म्यूट करतात आणि मग ट्रॅकर असून नसल्यासारखाच.

पहिली शंका वायरिंगवर घ्या. लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, आणि अजून एक असते ती एसीसीची, तिचा रंग मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. ती चावी ऑन केल्यावरच करंट येतो अशा वायरला लावायची, पण घाईत मेकॅनिक ती लाल वायरलाच पिळून मोकळा होतो. झालं, ट्रॅकरला गाडी कायम चालूच वाटते. बरेच ट्रॅकर चावी बंद झाली की लोकेशन एका जागी धरून ठेवतात, इथे ते होतच नाही, रात्रभर नवीन लोकेशन जात राहतं आणि उभ्या गाडीची बॅटरीही उतरते. चेक करायचं तर चावी काढून पाच मिनिटांनी ॲप बघा, इग्निशन ऑन दिसलं तर वायर चुकलीय. काही मॉडेलना ट्रॅकरमधल्या सिमवर `STATUS#` असा एसएमएस टाकला की उत्तरात `ACC:OFF` यायला हवं.

दुसरी चूक म्हणजे ५० मीटरचं सर्कल. पत्र्याच्या शेडखाली किंवा दोन बिल्डिंगच्या मधे सॅटेलाइटचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे गाडी न हलता लोकेशन ५०-१०० मीटर सहज सरकतं. सर्कल २०० मीटर ठेवा आणि पिन सोसायटीच्या गेटवर नाही, गाडी जिथे लावता तिथेच टाका.

तरी अलर्ट आलाच तर पळायच्या आधी ॲपमध्ये रूट उघडून बघा. खोटा असेल तर पॉइंट एकाच जागेभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे इकडेतिकडे दिसतात आणि लोकेशन फिरून परत तिथेच येतं. खरा असेल तर प्रत्येक पॉइंट रस्त्याने पुढे पुढेच जातो. इग्निशन ऑफ आणि स्पीड सलग २५ दाखवत असेल तर गाडी टो होतेय किंवा टेम्पोत घातलीय, तेव्हा मात्र पळा. पॉवर कटचा अलर्टही सोबत आला असेल तर कुणीतरी वायर तोडलीय, ट्रॅकर आता आतल्या छोट्या बॅटरीवर आहे आणि ती थोडेच तास टिकते.

अजून एक, जिओफेन्सचा, म्हणजे सर्कल ओलांडल्याचा अलर्ट उशिराच येतो. दर ३० सेकंदाला लोकेशन जात असेल तर ४० च्या स्पीडने गाडी तेवढ्यात सव्वातीनशे मीटर पुढे जाते, त्यात सर्कलचे २०० धरा. म्हणून रात्री व्हायब्रेशन अलर्ट पण चालू ठेवा, तो गाडीला हात लागल्या लागल्या वाजतो, मांजर बसली तरी वाजेल, मग सेन्सिटिव्हिटी एक पायरी कमी करा.