साहेबांना एक्सेल नको असतं तेव्हा: बजेटचं एक पान कसं लिहावं

उदाहरण म्हणून सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना घेऊ. एप्रिल ते सप्टेंबरचं खर्चाचं बजेट 4 कोटी 20 लाख, प्रत्यक्ष खर्च 4 कोटी 60 लाख. शीटमध्ये चाळीसेक हेड. साहेब विचारणार एवढंच: हे 40 लाख गेले कुठे, आणि मी काय करू?

आधी फरकाचा रकाना मोठ्याकडून छोट्याकडे लावून घ्या. इथे स्टील 28 लाखांनी वर, विमा 8 लाखांनी, बाकी सगळं मिळून 4 लाख. म्हणजे कथा दोनच ओळींत आहे.

आता स्टील फोडा, कारण खरी गंमत तिथेच आहे. बजेट होतं 300 टन, किलोला 60 रुपये. लागलं 320 टन, 65 रुपयांनी. जादा 20 टन जुन्या दराने 12 लाखांचे. उरलेले 16 लाख, म्हणजे 320 टनांवर किलोमागे 5 रुपये, निव्वळ दरवाढीचे. जादा माल जादा ऑर्डरींसाठी लागला असेल, तर ते 12 लाख विक्रीतून वसूल होतात. मात्र विक्रीचा आकडा बघूनच असं लिहा. माल भंगारात गेला असेल तर गोष्टच बदलते.

विम्याचं वेगळंच. वर्षाचे 16 लाख एप्रिललाच खर्ची पडले, बजेटमध्ये ते बारा महिन्यांत वाटलेले. हा फरक मार्चपर्यंत आपोआप मिटतो. असल्या फरकावरून साहेबांची झोप उडवू नये.

‘बाकी 4 लाख’ मात्र उघडून बघाच. इथे ओव्हरटाइम 7 लाखांनी वर आणि पगार 6 लाखांनी खाली निघाला: जागा भरल्या नाहीत, म्हणून असलेली माणसं जास्त वेळ थांबली. वजाबाकीत हे दिसतच नाही.

मग लिहा:

‘सहा महिन्यांत ठरल्यापेक्षा 40 लाख जास्त गेले. त्यातले 12 लाख वाढलेल्या ऑर्डरींच्या स्टीलचे, 8 लाख विम्याचे. विम्याचे 8 लाख मार्चपर्यंत जुळतील. 16 लाख स्टीलच्या दरवाढीचे. हाच दर राहिला तर पुढच्या 300 टनांवर आणखी 15 लाख जातील. बाकी 4 लाख किरकोळ, पण रिकाम्या जागांमुळे ओव्हरटाइम वाढतोय. ग्राहकांकडे दरवाढ मागायची का, हे या महिन्यात ठरवायला हवं.’

‘व्हेरिअन्स’, ‘प्रोव्हिजन’ असे शब्द नकोत, टक्केही शक्यतो नकोत. 16 लाख म्हटलं की साहेबांना नेमकं कळतं.

पाठवण्याआधी आकड्यांची बेरीज करा: 12, 8, 16 आणि 4, चाळीसच यायला हवेत. स्वतःच्या प्रतीवर प्रत्येक आकड्याशेजारी शीटमधल्या सेलचा नंबर लिहून ठेवा. साहेब ‘हे 15 लाख कुठून आणले?’ असं विचारतात ते बहुधा जिन्यातच.