खोड-पान आलेखाने दोन बॅचेसची तुलना करताय? या चुका टाळा

दोन छोट्या वर्गांचे गुण शेजारी ठेवायचे असतील तर खोड-पान आलेखासारखं सोपं साधन नाही. कागद आणि पेन्सिल पुरते, आणि एकाही मुलाचा गुण हरवत नाही. स्तंभालेखात '४० ते ४९ मध्ये पाच मुलं' एवढंच कळतं. इथे ती पाच मुलं नेमकी कितीवर आहेत तेही दिसतं. पण पाठीला पाठ लावून दोन वर्ग मांडले की काही चुका हमखास होतात, आणि त्या निष्कर्षच फिरवतात.

उदाहरण म्हणून गंगापूर रोडवरच्या एका शिकवणीच्या दोन बॅचेस घेऊ. इयत्ता नववी, गणित, ८० गुणांचा एकच पेपर. सकाळच्या बॅचमध्ये १५ मुलं. संध्याकाळच्या बॅचमध्ये पटावर १३, पण गिरणाऱ्याहून येणाऱ्या एका मुलाची बस चुकली, म्हणून पेपर दिला १२ जणांनी. दशकाचा अंक हे खोड, एककाचा अंक हे पान.

```
     सकाळ |   | संध्याकाळ
          | ० | ७
          | १ |
        ८ | २ |
      ७ ४ | ३ | २ ८
८ ६ ५ ३ १ | ४ | ४
  ९ ५ २ २ | ५ | १ ४ ६ ८
    ७ ४ १ | ६ | ३ ५
          | ७ | २ ६

खूण: ४ | ३ | २ म्हणजे सकाळ ३४, संध्याकाळ ३२
```

सगळ्यात जास्त गोंधळ डाव्या बाजूला होतो. आपल्याला डावीकडून उजवीकडे वाचायची सवय, आणि इथे डावीकडची पानं खोडापासून बाहेरच्या दिशेने वाढत जातात. म्हणजे ३ च्या ओळीत '७ ४' दिसलं तरी गुण ३४ आणि मग ३७. ते ७३ आणि ४३ नव्हेत. खोड मध्ये आहे आणि दोन्ही बाजूंसाठी दशक तेच देतं, एवढं मनात पक्कं असलं की हे सुटतं.

खरा फटका मध्यक काढताना बसतो. सकाळी १५ मुलं आहेत, म्हणून चढत्या क्रमाने आठवा गुण हा मध्यक. २ च्या ओळीत एक मूल, ३ च्या ओळीत दोन, झाले तीन. आता ४ च्या ओळीतलं पाचवं पान हवं. खोडाकडून बाहेर मोजलं तर १, ३, ५, ६, ८, म्हणजे मध्यक ४८. सवयीने डाव्या कडेपासून मोजलं तर पाचवं पान येतं १, आणि मध्यक होतो ४१. संध्याकाळचा मध्यक म्हणजे सहाव्या आणि सातव्या गुणांची, ५४ व ५६ ची, सरासरी: ५५. खरा फरक ७ गुणांचा आहे आणि चुकीच्या मोजणीत तो १४ दिसतो. पालकसभेत हा आकडा सांगितला तर सकाळच्या बॅचवर उगाच ठपका बसेल.

ही चूक ओळखायची कशी? प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, 'या ओळीतला सर्वांत मोठा गुण कुठे आहे?' दोन्ही बाजूंना उत्तर एकच यायला हवं: खोडापासून सर्वांत दूर. एखाद्या ओळीत तसं नसेल तर ती ओळ उलटी लिहिली गेली आहे. मुलांकडून आलेख काढून घेता तेव्हा डावी बाजू '१ ३ ५ ६ ८' अशी लिहिलेली फार वेळा सापडते. आलेखाचा आकार त्याने बदलत नाही, म्हणून नजरेला चूक खटकत नाही. आधी कच्च्या कागदावर पानं येतील तशी मांडून घ्यावीत आणि मग क्रम लावून पक्का आलेख काढावा. घाईत थेट पक्का काढायला गेलं की हे होतंच.

दुसरी चूक गैरहजर मुलाची. गुणपत्रकात त्याच्या नावापुढे 'गै' असतं, पण आकडे उतरवताना तिथे ० लिहिला जातो आणि आलेखात ० च्या खोडावर ० चं पान उगवतं. काय बिघडतं ते पाहा. सकाळच्या गुणांची बेरीज ७३२, सरासरी ४८.८. संध्याकाळची बेरीज ६१६, १२ मुलांनी भागली तर सरासरी ५१.३. आता तो शून्य धरून १३ ने भागा: ४७.४. पुढे असलेली संध्याकाळची बॅच एका न दिलेल्या पेपरमुळे मागे पडली! मध्यक मात्र ५५ वरून जेमतेम ५४ वर येतो. मला छोट्या वर्गांसाठी सरासरीपेक्षा मध्यक विश्वासू वाटतो तो यामुळेच. पण मध्यक सावरून घेतो म्हणून शून्य चालेल असं नाही. गैरहजर मूल आलेखात येत नाही. खाली 'एक गैरहजर' अशी नोंद करा.

७ गुण मिळवणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याने पेपर दिला आहे, त्याचं पान राहिलंच पाहिजे. एक अंकी गुणाचं खोड ०. अशा मुलामुळे आलेख 'कुरूप' दिसतो म्हणून १ ची रिकामी ओळ गाळण्याचा मोह होतो. ती गाळू नका. रिकाम्या ओळीमुळेच कळतं की ७ नंतर त्या बॅचमध्ये थेट ३२ आहे, मध्ये पंचवीस गुणांची पोकळी आहे. त्या मुलाकडे वेगळं लक्ष द्यायला हवं हे सरासरी सांगत नाही, ही पोकळी सांगते.

तिसरी चूक म्हणजे ओळींची लांबी पाहून निकाल देणं. ५ च्या ओळीत दोन्हीकडे चार-चार पानं आहेत. ५० आणि त्यापुढचे धरले तर सकाळी ७ आणि संध्याकाळी ८, जवळपास सारखेच वाटतात. पण सकाळी १५ पैकी ७ म्हणजे सुमारे ४७ टक्के, आणि संध्याकाळी १२ पैकी ८ म्हणजे सुमारे ६७ टक्के. दोन्ही वर्गांचा पट सारखा नसेल तर प्रत्येक बाजूखाली मुलांची संख्या लिहाच. पानं मोजून ती संख्या जुळते का हेही तिथेच तपासता येतं. ५२ दोनदा आले आहेत, त्यातला एक गळला असता तर बेरीज १४ वरच थांबली असती आणि चूक तेव्हाच सापडली असती.

पानांमधलं अंतर सारखं हवं, म्हणून चौकटीची वही वापरा, एका चौकटीत एक अंक. मोबाइलवर टाइप करून ग्रुपवर पाठवलेला आलेख बहुतेक वेळा सरकतो. त्यापेक्षा वहीचा फोटो पाठवलेला बरा.

पेपर २० गुणांचा असेल तर खोडं तीनच उरतात, ०, १ आणि २, आणि जवळजवळ सगळी मुलं दोनच ओळींत कोंबली जातात. तेव्हा प्रत्येक खोड दोनदा लिहा: वरच्या ओळीत ० ते ४ ची पानं, खालच्या ओळीत ५ ते ९ ची. हे विभाजन दोन्ही बाजूंना एकच असतं, कारण खोड सामायिक आहे. याच कारणाने एका बॅचचे गुण ८० पैकी आणि दुसरीचे ४० पैकी असतील तर ते एका खोडावर बसवता येत नाहीत, आधी दोन्ही टक्क्यांत आणा. आणि पेपरच वेगळे असतील तर टक्के काढूनही ही तुलना करू नका.