व्यापारी मेळाव्यात छापखान्याची मिनिटभराची ओळख

जुना छापखाना नुकताच हाती घेतलाय आणि इंदूरच्या व्यापारी मेळाव्यात त्याची ओळख करून द्यायची आहे, तर लक्षात घ्या, तिथे माइक जेमतेम मिनिटभर मिळतो. "सगळ्या प्रकारची छपाई करतो" म्हटलं की कुणाला काहीच आठवत नाही. म्हणून एकच काम निवडा. मी बिलबुक सुचवेन, ते बहुतेक दुकानांना लागतं. छापलेला नमुना हातात धरून बोला:

"नमस्कार. राजवाड्यामागचा जुना छापखाना आता मी चालवतो. कार्बन न घालता उमटणारी, तीन प्रतींची बिलबुकं क्रमांक घालून देतो. एप्रिलपासून क्रमांकांची नवी मालिका हवी असेल, तर चालू बिलाचा फोटो फेब्रुवारीतच पाठवा. जीएसटी क्रमांक आणि पत्ता प्रूफवर तुम्ही तपासून सही केलीत की मगच छापतो. जुन्या गिऱ्हाइकांचे मजकूर माझ्याकडे जपलेले आहेत."

शेवटचं वाक्य गाळू नका. मालक बदलला की जुन्या गिऱ्हाइकाला पहिली काळजी आपल्या मजकुराचीच असते. अर्थात मजकूर खरोखर ताब्यात आहेत का, हे आधी पाहून घ्या. सभा मिश्र असेल तर हेच हिंदीत बोला.

माइकवर भाव मात्र सांगू नका. कागद, प्रती आणि नग बदलले की तो बदलतो, पण ऐकणारा तोच आकडा धरून बसतो.