गोव्यात गाड्यावर खाताना: आधी पाच मिनिटं उभं राहून काय पाहावं

गोव्यात संध्याकाळ झाली की पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा सगळीकडे रस-आमलेटचे गाडे लागतात. पुण्या-कोल्हापूरहून आलेले पाहुणे दोनच प्रश्न विचारतात: "कुठला गाडा चांगला?" आणि "स्वच्छ असेल ना?" माझ्या मते दोन्ही प्रश्न थोडे चुकीचे आहेत. एकाच गाड्यावर एक पदार्थ बिनधास्त खाण्यासारखा असतो आणि त्याच्या शेजारचाच टाळण्यासारखा. म्हणून गाडा पारखण्यापेक्षा ताटलीत येणारी एकेक गोष्ट पारखावी आणि प्रत्येकीला दोन प्रश्न लावावेत: हिला शेवटची कडक आच कधी लागली, आणि त्यानंतर हिला कोणाचा हात, कुठलं पाणी लागलं?

समजा, तुम्ही साडेसातला एका गाड्यापुढे उभे आहात आणि रस-आमलेट मागवणार आहात. या ताटलीत रस, आमलेट, वरून कच्चा कांदा-कोथिंबीर, लिंबाची फोड आणि पाव अशा पाच गोष्टी येतात. एकेक बघू.

सुरुवात रसापासून करा, कारण तिथे मोठी जोखीम असते. रस म्हणजे खोबरं-मसाल्याची शाकुतीची आमटी, चिकनची किंवा चण्याची. ती मोठ्या टोपात दुपारीच तयार होते. जंतूंची वाढ साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जोरात होते. त्यामुळे गरमागरम रस चालतो, फ्रिजमधला गारही चालतो, पण कोमट रस नको. शिवाय मांसाच्या दाट रश्शात काही जंतूंचे बीजाणू उकळीतूनही जिवंत राहतात आणि टोप हळूहळू निवत गेला की वाढायला लागतात. म्हणून टोपाखाली आच आहे का ते आधी पाहा. नुसत्या कडेला चार बुडबुडे दिसले तर ते पुरेसं नाही, ढवळल्यावर मधूनही वाफ यायला हवी. गॅस बंद करून झाकण ठेवलेलं असेल तर सरळ सांगा, "दादा, रस जरा उकळी आणून द्या ना." बहुतेक जण लगेच आच वाढवतात. जो कटकट करतो त्याच्याकडे खाऊ नका.

आच नसतानाही रस फसफसत असेल किंवा खोबऱ्याला आंबूस वास येत असेल तर तो उतरला आहे, पुन्हा उकळून काही उपयोग नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा: वास चांगला आला म्हणून रस चांगलाच असेल असं नाही. पोट बिघडवणारे कित्येक जंतू वास, चव, रंग काहीच बदलत नाहीत. काही जंतूंनी सोडलेलं विष तर उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून नाकापेक्षा आच आणि वेळ यांवर जास्त भरवसा ठेवावा.

आमलेट डोळ्यांसमोर होतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. फक्त अंडं मधून ओलसर राहू देऊ नका. गर्दी वाढली की गाडेवाला घाई करतो आणि नेमकं तिथेच कच्चं राहतं. अंडं फोडलेल्या हातानेच तो कांदा उचलतो का, हेही पाहा. कवचावरचे जंतू तव्यावर मरतात, पण हातावरून कांद्यात गेलेल्यांना पुढे कुठलीच आच भेटत नाही.

म्हणूनच या ताटलीतला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे तो चमचाभर कांदा. तो दुपारी चिरलेला असतो, उघड्या डब्यात असतो आणि नोटा हाताळलेल्या बोटांनी टाकला जातो. गोव्यातल्या दमट हवेत चिरलेली भाजी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये. मे महिन्यात तर तासाभराच्या वर नको. समोर चिरून देत असतील तर घ्या, नाहीतर "कांदा नको" एवढं म्हणा. चवीत फरक पडतो, मान्य आहे. लिंबू पिळल्याने जंतू मरतात असं समजू नका.

पावाची काळजी करू नका. तो भट्टीतून आलेला, कोरडा असतो. ताटली मात्र बादलीतल्या त्याच त्या पाण्यात बुचकळून काढत असतील तर कागदी प्लेट मागा. भांड्याला राहिलेल्या ओलाव्यातून ते पाणी तुमच्या रसात उतरतं.

हेच दोन प्रश्न इतर पदार्थांनाही लावता येतात. तव्यावरून थेट पावात जाणारं कटलेट चांगलं, पण आतली चिरलेली कोबी काढायला सांगा. मिरची भजी, बटाटवडा कढईतून निघतानाच घ्या. परातीत ढीग लावलेला असेल तर नव्या घाण्यासाठी थांबा. शहाळं समोर फोडून घेतलेलं उत्तम. सीलबंद सोड्यात केलेला लिंबूसोडा चालेल, पण बर्फाशिवाय. सोलकढीला कुठेच उकळी नसते आणि तिच्यातलं पाणी कुठलं हे कळत नाही, म्हणून ती गाड्यावर नको, चांगल्या खानावळीत प्या.

मासळीला मात्र आचेचा नियम अपुरा पडतो. बांगडा, ट्यूना यांसारखे मासे बर्फाशिवाय राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, तोंडात चुरचुरणं ही त्याची लक्षणं. लोक याला मासळीची अ‍ॅलर्जी म्हणून सोडून देतात. गाड्यावर मासा लाल मसाला माखून ठेवलेला असतो, त्यामुळे डोळे, कल्ले दिसत नाहीत. मसाल्याआधीचा मासा दाखवायला सांगा, आणि तो बर्फात आहे ना ते पाहा. पहिल्याच घासाला तिखट नसलेली चुरचुर जाणवली तर तिथेच थांबा.

जत्रेत अधिक सावध राहावं, कारण तात्पुरत्या दुकानांना नळाचं पाणी क्वचितच असतं. म्हापसा पालिकेने २०२४ मध्ये गोबी मंचुरियनच्या विक्रीवर बंदी घातली, ती कृत्रिम रंग आणि अस्वच्छता या कारणांनी. रंग डोळ्यांना दिसतो, पण तळून ठेवलेले आणि पुन्हा सॉसमध्ये घोळवलेले गोळे किती वेळ पडून होते हे दिसत नाही. जत्रेत मी खाजं घेईन. गुळाच्या कोरड्या पाकातल्या पदार्थात ओलावाच इतका कमी असतो की जंतूंना वाढायला वाव नाही. (आणि खाजं न घेता जत्रेतून परतलं तर घरी बोलणी बसतात, ते वेगळंच.)

गाड्यावर १४ आकडी अन्न परवाना क्रमांक लावलेला असला तर उत्तम. त्यावरून गाडा नोंदणीकृत आहे एवढंच कळतं, आजचा टोप केव्हाचा आहे ते कळत नाही. गर्दीचंही तसंच. माल झटपट खपतो हा फायदा, घाईत कच्चं राहतं हा तोटा.

लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर वरचे सगळे "चालेल" त्यांच्यासाठी "नको" समजा.

एवढं करूनही पोट बिघडलंच तर वेळ आठवा. १ ते ६ तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा आधीच तयार झालेल्या विषाचा परिणाम असतो, आणि तो सहसा दिवसभरात ओसरतो. ८-१० तासांनी पोटात मुरडा आला तर संशय रसावर. ताप आणि जुलाब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झाले तर शेवटच्या जेवणाला दोष देऊ नका, आदल्या दिवसांचं खाणं तपासा. ओआरएसची १ लिटरची पुडी तेवढ्याच पाण्यात पूर्ण घोळून घोट-घोट घ्या. शौचात रक्त, चढता ताप किंवा लघवी बंद होणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट डॉक्टरांकडे जा. रात्री वाहन मिळत नसेल तर १०८ ला फोन करा.