मामेभावाच्या कंपनीचे शेअर्स दर्शनी किमतीत घेताना

मामेभावाने त्याच्या प्रायव्हेट लिमिटेडचे 5,000 शेअर्स तुम्हाला 10 रुपयांनी दिले. पण प्राप्तिकर नियमांनुसार रास्त बाजारमूल्य 60 निघालं, तर फरकाचे अडीच लाख तुमचं ‘इतर स्रोतांतलं उत्पन्न’ ठरतं. वर्षभरातला असा फरक 50,000च्या वर गेला, की पूर्ण रकमेवर स्लॅबप्रमाणे कर लागतो. मामाकडून घेतले तर सूट आहे. मामेभाऊ मात्र कायद्याच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत येत नाही.

नुसता ताळेबंद बघून फसू नका. कंपनीची जमीन तिथे जुन्या खरेदी किमतीला असते, मूल्यांकनात ती मुद्रांक शुल्कासाठी ठरलेल्या सरकारी मूल्याने धरतात. म्हणून व्यवहाराआधीच सीएकडून त्या तारखेचं मूल्यांकन करून घ्या आणि जपून ठेवा: पुढे विकताना तुमची खरेदी किंमत 10 नव्हे, 60 धरली जाते.