फोनच्या बॅटरीची रेटेड आणि टिपिकल क्षमता कशी वाचावी

सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा या फोनच्या माहितीत बॅटरीसमोर ५००० एमएएच हा आकडा ठळकपणे दिलेला असतो; मात्र त्याच पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, रेटेड क्षमता ४८५५ एमएएच असल्याचे नोंदवलेले असते. या १४५ एमएएचच्या तफावतीमुळे कंपनीने फसवले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दोन्ही आकडे खरे असतात, फक्त ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

म्हणून माहितीपत्रक हाती आल्यावर सर्वप्रथम आकड्याशेजारची चांदणी किंवा छोटा अंक शोधावा आणि त्याची तळटीप वाचावी. तिथे `Typical` आणि `Rated` यांपैकी कोणता शब्द कोणत्या आकड्याला लावला आहे ते पाहावे. काही कंपन्या `Rated` ऐवजी `Minimum` लिहितात. या संदर्भात दोन्हींचा अर्थ एकच असतो.

हे दोन आकडे निघतात कसे, हे समजून घेतले की पुढचे सोपे होते. लिथियम सेलची क्षमता मोजण्यासाठी आयईसी ६१९६० हे आंतरराष्ट्रीय मानक वापरले जाते. सेल पूर्ण चार्ज करून साधारण २० अंश सेल्सिअस तापमानाला, पाच तासांत रिकामा होईल इतक्या संथ प्रवाहाने तो ठरलेल्या किमान व्होल्टेजपर्यंत उतरवला जातो. ४८५५ एमएएचच्या सेलसाठी हा प्रवाह सुमारे ९७१ मिलिअँपिअर येतो. आता एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेले सेल घेतले तरी त्यांची क्षमता तंतोतंत सारखी भरत नाही, कारण इलेक्ट्रोडवरच्या लेपाची जाडी आणि आत भरलेल्या इलेक्ट्रोलाइटचे प्रमाण यांत किंचित फरक राहतोच. अशा अनेक नमुन्यांची अंदाजित सरासरी म्हणजे टिपिकल क्षमता. रेटेड क्षमता मात्र त्या पसाऱ्याच्या खालच्या टोकाशी धरलेली असते, म्हणजे विकलेला प्रत्येक नवा सेल निदान तेवढा भरेल अशी ती हमी असते. त्यामुळे रेटेड आकडा नेहमी लहान असतो. एस२४ अल्ट्रामध्ये तो टिपिकलच्या ९७.१ टक्के आहे. साध्या एस२४ मध्ये ४००० आणि ३८८०, म्हणजे बरोबर ९७ टक्के.

यानंतरची पायरी तुलनेची. दोन फोन तोलताना एकाचा टिपिकल आणि दुसऱ्याचा रेटेड आकडा शेजारी ठेवू नये. बाजारात येण्यापूर्वी एखाद्या फोनची प्रमाणन यंत्रणेकडील नोंद बाहेर फुटते तेव्हा हीच गल्लत होते: नोंदीत सहसा रेटेड आकडा असतो आणि ‘या वर्षी बॅटरी कमी केली’ अशी हाकाटी सुरू होते.

खरी अडचण फोन घेतल्यानंतर, बॅटरी किती झिजली हे तपासताना येते. अँड्रॉइड फोन पूर्ण चार्ज करून, यूएसबी डीबगिंग सुरू ठेवून, संगणकावरून पुढील आज्ञा द्यावी.

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात `level: 100` असल्याची खात्री करून `Charge counter` ही ओळ पाहावी. हा आकडा मायक्रोअँपिअर-तासांत असल्याने त्याला १००० ने भागावे. समजा तिथे 4790000 दिसले, तर बॅटरीत ४७९० एमएएच आहेत. याला ५००० ने भागले तर ९५.८ टक्के येतात, पण ४८५५ ने भागले तर ९८.७ टक्के. बॅटरीचे आरोग्य दाखवणारी अ‍ॅप जर टिपिकल आकड्याने भागत असतील, तर कोऱ्या फोनलाही ती ९७ टक्के दाखवू शकतात, आणि ती झीज नसते. शिवाय टिपिकल ही सरासरी असल्यामुळे नव्या फोनपैकी बरेचसे तिच्या खालीच भरणार. म्हणून झीज मोजताना भाजक रेटेडच घ्यावा; भागाकार शंभराच्या वर गेला तरी त्यात चूक नाही, तुमचा सेल किमान हमीपेक्षा सरस निघाला इतकेच.

हे मोजमाप फोनमधील चिपचा अंदाज असते, प्रयोगशाळेतील चाचणी नव्हे. एकदोन टक्क्यांचे चढउतार सोडून द्यावेत आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू असेल तर ती आधी बंद करावी. काही फोन ही ओळ दाखवतच नाहीत, किंवा शून्य दाखवतात. तिथे या मार्गाने काही कळत नाही.

पॉवर बँकेच्या बाबतीत मात्र वरचे गणित लावू नये. तिथे १०,००० एमएएच ही आतल्या सेलची ३.७ व्होल्टवरील क्षमता असते, तर रेटेड आकडा ५ व्होल्टच्या यूएसबीमधून बाहेर मिळणाऱ्या क्षमतेचा असतो. व्होल्टेज वाढवल्यामुळे ३७ वॅट-तासांचे ७४०० एमएएच होतात आणि रूपांतरात उष्णता होऊन जाणारा भाग वजा केल्यावर आकडा आणखी उतरतो. त्यामुळे पॉवर बँकेवर रेटेड ६००० च्या आसपास दिसले तरी सेल खोटे आहेत असे समजू नये.